मदत हवी आहे: निविदेच्या कव्हर ईमेलमध्ये पात्रतेचे वाक्य कसे लिहावे?

नमस्कार मंडळी. मुलुंडच्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या बाहेरील रंगकाम आणि वॉटरप्रूफिंगची निविदा शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत ईमेलने पाठवायची आहे. तांत्रिक आणि दराचे पाकीट वेगळ्या ईमेलने मागितले आहे, त्यामुळे कव्हर ईमेलमध्ये दराचा उल्लेख नाही.

सोबतच्या कागदांची यादी तयार आहे: सही-शिक्क्यासह निविदा, अनामत भरल्याचा यूटीआर क्रमांक, पॅन, जीएसटी नोंदणी, सीएचे उलाढाल प्रमाणपत्र (यूडीआयएनसह) आणि काम पूर्णत्वाचा दाखला. प्रत्येकापुढे पानांची संख्या लिहिली आहे, म्हणजे जोडणी सुटली तर लगेच कळेल.

अडचण दाखल्यात आहे. अट आहे, "मागील पाच वर्षांत किमान ४० लाखांचे एक तत्सम काम". आमचे काम ३८ लाखांचे, १८ टक्के जीएसटी धरून ४४.८४ लाख. रक्कम करासह की कराविना, हे निविदेत कुठेच नाही. शंका विचारण्याची मुदत संपली. सल्लागारांना ईमेल केला, फोनही केला, उत्तर नाही. दुसरे मोठे काम आमच्याकडे नाही.

"सर्व अटी पूर्ण करतो" असे सरळ लिहिले आणि त्यांनी कराविना रक्कम धरली, तर खोटी माहिती दिल्याचा ठपका येईल. "करासह धरल्यास पात्र" असे लिहिले तर सशर्त निविदा म्हणून बाद होण्याची भीती आहे.

सध्याचा मसुदा: "अट पूर्ततेसाठी जोडलेल्या कामाचे मूल्य ३८ लाख अधिक जीएसटी, एकूण ४४.८४ लाख; दाखला पान १४."

निविदा छाननी केलेल्यांनी सांगावे: एवढे वाक्य सशर्त ठरते का?