गावी कार्याला जाण्याआधी साहेबांची वेळ मागणं आणि मागचं काम सोपवणं : तुमचे अनुभव सांगा

दापोलीची :
पिंपरीतल्या एका कारखान्यात मी अकाउंट्सला आहे. भाच्याची मुंज गावी ८ मेला ठरली. आदल्या दिवशी घाणा आणि ग्रहमख, मी एकुलती एक आत्या. आणि एप्रिलमध्ये कापलेला टीडीएस भरायची शेवटची तारीख नेमकी ७ मे.

त्याआधी एका लग्नाच्या वेळी मी साहेबांना जिन्यात गाठून "चार दिवस गावी जाते" म्हटलं होतं. ते "हो हो" म्हणाले, आणि चलन राहून गेलं. उशीर दोनच दिवसांचा, पण व्याज महिन्याला दीड टक्का, तेही कर कापल्या दिवसापासून, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. म्हणजे दोन महिने. दोन लाखांवर सहा हजार गेले. तो आकडा मला अजून टोचतो.

म्हणून या वेळी महिनाभर आधी लिहून पाठवलं : "सर, ५ ते ९ मे रजा हवी आहे. ७ तारखेचा टीडीएस त्यात येतो. तो कोणी भरायचा हे ठरवायला बुधवारी वीस मिनिटं द्याल का?" भेटीत साहेबांचा पहिला प्रश्न, "आधीच भरून जा ना?" पगारावरचा भरता येतो, पण कंत्राटदारांची एप्रिलची बिलं आमच्याकडे ४-५ तारखेपर्यंत येत राहतात, हे मी त्यांना मागच्या महिन्यांच्या नोंदी दाखवून सांगितलं.

काम करायला सहकारी तयार होता, त्याला कामही येत होतं. अडलं ते बँकेत. पेमेंट तो टाकू शकायचा, मंजुरी माझी आणि ओटीपी माझ्या मोबाईलवर. आमच्या घरात रेंज नाही, सड्यावर जावं लागतं. दुसऱ्याला मंजुरीचा अधिकार द्यायला फॉर्म, संचालकांची सही आणि बँकेचे आठ दिवस लागले. हे भेटीत निघालं म्हणून वेळेत झालं.

मार्चचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो. तो मी त्यालाच भरायला लावला आणि शेजारी नुसती बसले. कंत्राटदाराच्या रकमेला त्याने पगाराचं कलम निवडलं. तिथेच थांबवलं. ७ तारखेला संध्याकाळी सड्यावर गेले, तर चलनाची पावती येऊन पडली होती.

तुम्ही कसं करता?

रात्रपाळी :
मी नर्स आहे. आमच्याकडे साहेबांना भेटायची गरजच नसते, मैत्रिणीशी ड्युटी बदलली की झालं.

तिजोरीवाला :
ताई, बदलीला माणूस मिळाला, पण ड्युटी तक्त्यावर नाव तुमचंच राहिलं आणि ती आजारी पडली, तर गैरहजर तुम्ही. इन्चार्ज सिस्टरना सांगून तक्ता बदलून घ्या.

मी बँकेत रोखपाल आहे. तिजोरी दोघांच्या ताब्यात असते, दोन चाव्या, दोन माणसं. माझी चावी दुसऱ्या चावीवाल्याला देता येत नाही, नाहीतर दोन्ही एकाच हातात. तिसरा माणूस लागतो, रोकड मोजून द्यावी लागते आणि चावीच्या नोंदवहीत दोघांच्या सह्या. बहिणीच्या लग्नाच्या वेळी मॅनेजर मॅडमची वेळ मागितली ती याच तिसऱ्या माणसासाठी. शाखेत तेव्हा आम्ही चौघंच, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. मॅडमनी शेजारच्या शाखेतून माणूस मागवला, पण त्याला दुपारीच सोडायचं कबूल केलं होतं. शेवटी मी रात्रीच्या एसटीऐवजी सकाळची पकडली. हळद हुकली.

रात्रपाळी :
खरं आहे. आमच्याकडे तक्ता बदलतच नाहीत, वहीत लिहितात. विचारून बघते.

मालवणी माणूस :
रजा मिळते हो, तिकीट मिळत नाही. कोकण रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. गणपतीचं मी त्या सकाळीच काढतो आणि मग साहेबांना सांगतो. दरवर्षीचं आहे, त्यांना माहीत असतं.

दापोलीची :
दादा, तिकिटाचं पटतं. पण त्या दिवसांत तुमचं काम कोण बघतं?

मालवणी माणूस :
मशीन बंद ठेवतात. मी एकटाच आहे त्यावर.

नवा टीम लीड :
मी दुसऱ्या बाजूने लिहितो. माझ्याकडे मुलं येतात ती "सगळं सेट आहे सर" म्हणत. मी विचारतो, रात्री सर्व्हर पडला तर पहिला फोन कोणाला? तिथे गप्प होतात. दापोलीच्या ताईंनी शेजारी बसून करून घेतलं, ते आता मीही करायला लावणार.

एक मात्र मला सुटलेलं नाही. कार्यात असलेल्या माणसाला फोन करावा का? एकाला अक्षता पडत असताना फोन गेला, सख्ख्या भावाचं लग्न. त्याने उचलला, दोन मिनिटांत काम झालं. पण मला तो आवाज, मागची मंगलाष्टकं, अजून आठवतात.

तिजोरीवाला :
आमच्याकडे फोनवर चावी देता येत नाही, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

दापोलीची :
मी साहेबांना सांगितलं होतं, ७ ला संध्याकाळी सहा ते सात सड्यावर असेन, बाकी नाही. त्यांनी फोन केला नाही. केला असता तर उचलला असता.