डेप्थमध्ये एवढे बायर दिसतात तरी भाव पडतो, मदत हवी आहे (अर्जंट)

कोथरूडकर_ट्रेडर
मंडळी पटकन सांगा, उद्या परत तोच शेअर करायचाय. आज 410 ला भली मोठी बाय ऑर्डर लागली होती, 1 लाख 82 हजारची, खाली टोटल बाय पण 9 लाख आणि सेल फक्त 4 लाख, म्हटलं इथून खाली जात नाही, 410.15 ला घेतला. दोन मिनिटात ती ऑर्डर गायब आणि भाव डायरेक्ट 407. मग ते आकडे दाखवतात कशाला??

सातारी_बाणा
कुठला शेअर? कॅश का फ्युचर? किती वाजता? ब्रोकर 5 लेव्हल दाखवतो का 20?

विदर्भ_बुल
टोटल बाय दुप्पट असेल तर भाव वरच जातो, मी रोज सकाळी बघतो. तुम्ही एक्झिटची घाई केली असणार.

अनघा_पी
410 चं पुट रायटिंग बघितलंत का? सपोर्ट ओआय वरून बघायचा असतो.

सातारी_बाणा
ताई, ते डेप्थबद्दल विचारतायत, ओआयबद्दल नाही. त्या शेअरला ऑप्शन आहेत का तेही माहीत नाही अजून.

कोथरूडकर_ट्रेडर
कॅश, एनएसई, 5 लेव्हल, दुपारी अडीचच्या सुमारास. शेअरचं नाव नाही सांगत, लोक उगाच घुसतात. ऑप्शन नाहीत त्यात.

जुना_जॉबर
आता बोलता येईल. आधी ते 9 लाख सोडा. त्यात 395, 380 ला लावून ठेवलेल्या ऑर्डरीपण धरलेल्या असतात, भाव तिथे आला तरच त्यांचा संबंध. आणि लोकांचे स्टॉपलॉस त्यात नसतात, ट्रिगर लागेपर्यंत ते वेगळ्या बुकात पडून असतात. तुमच्यासारखेच त्या 410 च्या भरवशावर घेतलेले लोक 409.90 ला स्टॉप लावून बसले असणार, 410 तुटल्यावर ते सगळे विकणारे झाले. तुमच्या 9 लाखात ते कुठेच दिसले नसते.

आता मोठी ऑर्डर. ती रद्द झाली का कोणी खाल्ली, हे वेगळं करायला दिवसाचा व्हॉल्युम बघायचा. समजा 410 वरचे 1,82,000 चे 20,000 झाले आणि तेवढ्यात व्हॉल्युम फक्त 5,000 ने वाढला, तर काढून घेतली. व्हॉल्युम दीड-पावणेदोन लाखाने वाढला तर कोणीतरी तेवढा माल खरंच त्याच्या अंगावर ओतला, म्हणजे तो खरा बायर होता पण विकणारा त्याच्याहून मोठा निघाला. दोन्हीत तुमचा तोटा सारखाच, पण अर्थ वेगळा. तुमच्याकडे त्या वेळचा व्हॉल्युम आहे का?

कोथरूडकर_ट्रेडर
नाही बघितला. मिनिटाच्या कँडलवर दिसेल का?

जुना_जॉबर
अंदाज येईल, पण त्या मिनिटात इतर भावांना झालेले सौदेही त्यातच असतात. शिवाय ती ऑर्डर गेलीच होती का, तेही बघा. तुमच्या शेअरला टिक 5 पैसे, सगळ्या टिकवर ऑर्डरी असतील तर 5 लेव्हल म्हणजे बिडपासून फक्त 20 पैसे खालपर्यंत. बिड 410.25 झाली की 410 ची रांग स्क्रीनवरून जाते, बुकात असतेच.

कोथरूडकर_ट्रेडर
पण माझा भाव वर गेलाच नाही ना!

हर्णे_बंदर
सगळा ऑपरेटरचा खेळ. स्पूफिंग म्हणतात याला. तो लंडनचा सराओ असाच मोठमोठ्या सेल ऑर्डर लावून काढायचा, 2010 च्या फ्लॅश क्रॅशवरून पकडला, 2016 ला गुन्हा कबूल केला. आपल्याकडे सेबी झोपलीय.

जुना_जॉबर
झोपली नाही हो, 2025 मध्ये स्पूफिंगवरून अंतरिम आदेश काढलाय. पण प्रत्येक कॅन्सल म्हणजे स्पूफिंग नव्हे. हेजवाला फ्युचर हलला की कॅशची ऑर्डर हलवतो, कोणी नुसताच विचार बदलतो. हेतू स्क्रीनवर दिसत नाही, एक्सचेंजकडे कोणाची ऑर्डर ते असतं, आपल्याकडे नाही.

आणि ज्याला खरंच लाखभर घ्यायचेत तो सहसा ते उघड मांडत नाही. डिस्क्लोज्ड क्वांटिटी टाकून 10 टक्क्यांपर्यंत कमी दाखवता येते. 409.80 ला 10 हजारच दिसतात, खाल्ले की परत 10 हजार, व्हॉल्युम मात्र 60-70 हजारांनी पुढे. मी अशा रांगेला जास्त मान देतो. तीही कधीही थांबू शकते, किती शिल्लक आहे कळत नाही.

विदर्भ_बुल
मग टोटल बघायचीच नाही का? माझं तर जमतं.

सातारी_बाणा
प्रीओपनला बघत असाल तर वेगळी गोष्ट. अडीच वाजता नाही.

रत्नाकर_काका
माझा एक शेअर लोअर सर्किटला अडकलाय, बायर शून्य, सेलला सात लाख. ऑर्डर सव्वानऊला लावू का आधी?

सातारी_बाणा
काका, त्याच भावाला आधी लावणारा पुढे असतो, प्रीओपन असेल तर 9 पासून. पण वेगळा धागा काढा.

कोथरूडकर_ट्रेडर
कँडल बघितली, 410 तुटलं त्या मिनिटाला 64 हजार व्हॉल्युम. म्हणजे काढली का खाल्ली?

जुना_जॉबर
1,82,000 पैकी जास्तीत जास्त 64 हजार खाल्ले, निदान लाखभर काढले. पण 407 पर्यंतचे सौदेही त्याच मिनिटात असतील तर खाल्लेले त्याहून कमी. ऑर्डर्सच्या रकान्यात किती होत्या, 1 का 40?

कोथरूडकर_ट्रेडर
तो रकाना असतो?