टीम लीडच्या इंटरव्ह्यूला किस्से तयार करून जावं का?

बिनपदाचा
पुढच्या गुरुवारी टीम लीडच्या जागेसाठी इंटरव्ह्यू आहे. दुसरी कंपनी, बॅकएंडची ७ जणांची टीम. टेक्निकल राउंडची चिंता नाही, पण लीडरशिपचा वेगळा पाऊण तास ठेवलाय आणि माझ्या हाताखाली आजवर कुणीच नव्हतं. जो तो सांगतो, किस्से लिहून पाठ कर. मला वाटतं पाठ केलेलं लगेच ओळखू येतं; त्यापेक्षा तिथे सुचेल ते खरं बोलावं. काय म्हणता?

पॅनेलवाला
पाठ करू नका, इथपर्यंत सहमत. पण ‘सुचेल ते’ त्याहून वाईट. ऐनवेळी माणसाला शेवटचा मोठा प्रोजेक्ट आठवतो. मग तो आर्किटेक्चर सांगत बसतो आणि त्यात त्याने स्वतः काय ठरवलं हे विचारून काढेपर्यंत वेळ निघून जातो. पाऊण तासात चार-पाचच प्रश्न होतात.

उत्तरं लिहू नका, प्रसंगांचे तपशील लिहा. पाच प्रसंग पुरतात: मतभेद, कुणाला तरी शिकवून तयार केलं, तारीख हुकली, अधिकार नसताना लोकांना वळवलं, आणि स्वतःचा निर्णय फसला. पद नसलेल्या उमेदवाराचं नाणं चौथ्यात वाजतं, म्हणून त्याला जास्त वेळ द्या.

समजा, तुमच्या टीममध्ये पुल रिक्वेस्ट चार-चार दिवस रिव्ह्यूविना पडून राहायच्या. कच्चं उत्तर असं येतं: ‘आम्ही रिव्ह्यूची पद्धत सुधारली आणि वेग वाढला.’ यात तुम्ही कुठेच नाही. पक्कं उत्तर असं: ‘मी आधीच्या २० पुल रिक्वेस्ट काढून बघितल्या. ५०० ओळींच्या वरच्याच अडकत होत्या, छोट्या त्याच दिवशी निघत होत्या. म्हणून मी सुचवलं की ३०० ओळींच्या आत तुकडे करू, आणि रोज सकाळी ११ च्या आत प्रत्येकाने एक तरी रिव्ह्यू करायचा. एका सीनियरचा विरोध होता, तुकडे केले की संदर्भ तुटतो म्हणून. त्यांना म्हटलं, दोन आठवडे करून बघू, नाही जमलं तर सोडून देऊ. सकाळची वेळ पाळली गेली नाही, पण तुकड्यांचा नियम टिकला आणि चार दिवसांचा दीड दिवस झाला.’

बोलायला जेमतेम मिनिटभर लागतं. खरी परीक्षा त्यानंतर असते: सीनियर नेमकं काय म्हणाले? त्यांचं कुठे बरोबर होतं? सकाळची वेळ का पाळली गेली नाही? किस्सा पाठ केलेला असेल तर माणूस इथे अडखळतो, कारण पाठांतरात एवढंच बसवलेलं असतं. तपशील डोक्यात असले की उलट बोलायला मजा येते.

रोखठोक_नाशिक
हे सगळं आधी लीड असलेल्यांसाठी ठीक. पहिल्यांदाच लीड होणाऱ्याला पॅनेल भूतकाळ कशाला विचारेल? त्याला ‘असं झालं तर काय कराल’ हेच विचारतात. ठरलेला प्रश्न म्हणजे टीममधला एकजण दोन स्प्रिंट मागे पडतोय. त्याचं उत्तर तयार ठेवा: आधी समज द्यायची, मग एचआरला कळवून परफॉर्मन्स प्लॅनवर टाकायचं. ठामपणा दिसला पाहिजे. किस्से लिहिण्यात आठवडा घालवू नका.

मेघना_बाणेर
‘असं झालं तर’वाले प्रश्न नवख्यांना जास्त येतात, हे खरंय. पण हे उत्तर दिलंत तर तिथेच आउट. एक तर बहुतेक ठिकाणी प्लॅनवर टाकायचा अधिकार लीडला नसतोच, तो मॅनेजरचा. दुसरं म्हणजे माणूस मागे का पडतोय, हे तुम्ही विचारलंच नाहीत.

या प्रश्नात पॅनेल क्रम ऐकत असतं. आधी खात्री करायची: खरंच मागे आहे, की त्याच्याकडे आलेली कामंच अवघड होती? कधीकधी तो दुसऱ्यांच्या शंका सोडवत असतो आणि बोर्डवर ते कुठेच दिसत नाही. मग त्याच आठवड्यात एकट्याशी बोलायचं, स्टँडअपमध्ये सगळ्यांसमोर नाही. बोलताना ‘तू स्लो झालायस’ असं नाही म्हणायचं; ‘पेमेंटची दोन कामं मागच्या स्प्रिंटमधून या स्प्रिंटमध्ये आली, कुठे अडलं?’ असं विचारायचं. काम येत नाही, काय हवंय ते कळलं नाही, की घरी काही चाललंय, यावर पुढचं ठरतं. येत नसेल तर दोन आठवडे एक ठरावीक काम आणि रोज अर्धा तास कुणाबरोबर तरी बसणं. कळलं नसेल तर चूक टास्क लिहिणाऱ्याची. घरचं असेल तर खोदून विचारायचं नाही, काम हलकं करायचं आणि कधीपर्यंत ते ठरवायचं.

मॅनेजरला कधी सांगणार, हा पोटप्रश्न येणारच. मी म्हणेन पहिल्या बोलण्यानंतर लगेच, पण तक्रार म्हणून नाही: ‘हे दिसलं, हे ठरलंय, अमुक तारखेला बघतो.’ सहा आठवड्यांनी पहिल्यांदा कळलं की मॅनेजरचा हात बांधला जातो.

रोखठोक_नाशिक
अधिकाराचा मुद्दा मान्य. पण इतका मऊपणा दाखवला तर ‘याला कटू बोलता येत नाही’ असाच शेरा पडेल.

पॅनेलवाला
म्हणून शेवटची पायरी बोलून दाखवायची: ठरल्या तारखेला फरक पडला नाही तर मी त्याला स्पष्ट सांगेन की हे आता मॅनेजरकडे जातंय. एवढं एक वाक्य पुरतं. फक्त मॅनेजरला पहिल्याच बोलण्यानंतर सांगावं, हे मला पटत नाही. आधी त्या माणसाला आठवडाभर तरी संधी द्यावी.

चाकण_दुसरी_शिफ्ट
तुमचं आयटीवाल्यांचं सगळं ऐसपैस. माझाही लाईनवर टीम लीडरचा इंटरव्ह्यू आहे. आमच्याकडे दोन आठवडे कोण थांबणार? शिफ्ट सुरू व्हायला दहा मिनिटं आणि दोन माणसं गैरहजर, काय करणार, असं विचारतात. बाकीच्यांना ओढून कसंतरी काम काढू, हे चालेल का?

मेघना_बाणेर
धागा आयटीचा आहे, पण हा प्रश्न चांगला आहे. कारखान्यात काम नाही केलंय, तरी ‘कसंतरी’ हा शब्द नको, एवढं सांगते. कोणत्या स्टेशनवर कोण चालतो हे स्किल मॅट्रिक्स बघून ठरवेन, सेफ्टीच्या आणि क्रिटिकल स्टेशनला अप्रशिक्षित माणूस लावणार नाही, आणि टार्गेट कमी पडणार असेल तर सुपरवायझरला पहिल्या तासातच सांगेन, असं काहीतरी. तिथली कुणी मंडळी असतील तर दुरुस्त करा.

बिनपदाचा
ठीक आहे, तपशील लिहून काढतो. पण सगळीकडे ‘मी, मी’ केलं तर आढ्यता वाटत नाही का? काम तर टीमनेच केलेलं असतं.

पॅनेलवाला
निर्णय सांगताना ‘मी’, काम सांगताना नाव किंवा भूमिका घेऊन: ‘टेस्टिंग दोघा ज्युनियरनी केलं, क्रम मी लावला.’ श्रेय वाटलं की आढ्यता वाटत नाही. नुसतं ‘आम्ही’ म्हटलं की पॅनेलला लिहायला काही सापडत नाही.

मेघना_बाणेर
आणि गुरुवारच्या आधी रिक्रूटरला दोन गोष्टी विचारून ठेवा: या लीडकडे अप्रेजल आहे का, आणि कोडिंग किती अपेक्षित आहे. निम्मा वेळ कोडिंगचा असेल तर ‘मी सगळी कामं वाटून देईन’ हे उत्तर उलटेल. ती जागा आतल्या कुणाला हवी होती का, हे ते सांगणार नाहीत, पण ‘टीममधला सीनियर तुमचं ऐकत नाही’ हा प्रश्न आला तर ती शक्यता धरूनच बोला.

रोखठोक_नाशिक
अजूनही म्हणतो, पाच प्रसंग जास्त होतात. तीन घ्या आणि उरलेला वेळ ‘असं झालं तर’ला द्या.