मदत हवी आहे: स्पर्म काउंट कमी आलाय, बायकोला हे पत्र देऊ का?

सोलापूरकर
लग्नाला चार वर्षं झाली. मी ३६, बायको ३३. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाइंगला आहे, काम बॉयलरशेजारीच. दोन वर्षं तपासण्या फक्त तिच्याच झाल्या. मी पहिल्यांदा टेस्ट केली ती गेल्या आठवड्यात. काउंट ६ मिलियन, हालचाल २० टक्के. डॉक्टर म्हणाले, वेळ घालवू नका, सरळ इक्सी करा, म्हणजे लॅबमध्ये बीजात शुक्राणू सोडून गर्भ तयार करायचा. घर दोन खोल्यांचं, आईबाबा भिंतीपलीकडे, मोकळं बोलता येत नाही. म्हणून हे लिहिलंय. यात काही चुकतंय का?

"काल तुझी फाईल काढून बघितली. दर महिन्याच्या फॉलिक्युलर स्टडीचे कागद, ट्यूब तपासायला डाय सोडला त्या दिवशीची पावती. येताना रिक्षात तू पोट धरून बसली होतीस आणि मी फोनवर कामाचं बोलत होतो. माझा रिपोर्ट एकच कागद आहे. तो तुझ्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावलाय.

गड्ड्याच्या जत्रेत आत्यानं 'काही विशेष?' विचारलं तेव्हा तू मान खाली घातलीस, मी गप्प राहिलो. आता आईला मी सांगणार. इक्सी करायची तर कमी माझ्यात असून रोज इंजेक्शनं तू घेणार, बीजं काढायला भूल तुला देणार. हे कळल्यापासून डोळ्याला डोळा नाही. इंजेक्शन द्यायला मी शिकून घेतो. तू नको म्हणालीस तर थांबू."

बार्शीचा बाळू
भाऊ, टेन्शन घेऊ नका. घट्ट कपडे बंद करा, तंबाखू असेल तर सोडा. आमच्या जिमला एक जण टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देतो, ताकद येते, काउंटही वाढेल.

लॅबवाली
बाळूदादा, तंबाखूचं बरोबर, पण ते इंजेक्शन अजिबात नको. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूकडून वृषणाला जाणारा निरोप थांबतो आणि शुक्राणू बनणंच बंद पडतं. काउंट शून्यावर गेलेले रिपोर्ट मी स्वतः टाईप केलेत.

सोलापूरकर, तीन गोष्टी सांगा. किती दिवसांच्या अंतरानं सॅम्पल दिलं? सगळं डबीत पडलं का? गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का?

सोलापूरकर
अंतर चार दिवस. सॅम्पल घरीच घेतलं, गडबडीत सुरुवातीचं थोडं सांडलं. दीड महिन्यापूर्वी टायफॉईड झाला, आठवडाभर १०२-१०३ ताप होता. हे कुणी विचारलंच नाही.

लॅबवाली
मग या एका कागदावर इक्सीचा निर्णय घेऊ नका. अंतर ठीक आहे, दोन ते सात दिवस चालतं. पण सगळ्यात जास्त शुक्राणू सुरुवातीच्याच भागात असतात आणि तेच सांडलं. शिवाय एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. आज डबीत आलेले तुमच्या तापाच्या दिवसांत बनत होते. ताप उतरल्यापासून तीन महिने होऊ द्या, मग पुन्हा टेस्ट करा, लॅबमध्येच सॅम्पल द्या. काउंटची खालची मर्यादा १६ मिलियन धरतात. तुमचा तिथवर जाईलच असं मी म्हणणार नाही, बॉयलरची धग रोजची आहे. पाळी दुसऱ्या खात्यात मिळते का बघा.

तोवर यूरोलॉजिस्टकडे जा. उभं करून हातानं तपासतात, शिरा फुगल्यात का ते. व्हेरिकोसील म्हणतात, मूल न होणाऱ्या पुरुषांत बऱ्याचदा सापडतं. सोबत एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्स रक्तातून तपासतात.

पंढरपूरची सून
माझ्या बहिणीला पीसीओडी आहे, पाळी दोन-दोन महिने येत नाही. तिच्यासाठी सोलापुरात कुणी चांगले डॉक्टर आहेत का?

मीनल
ताई, वेगळा धागा काढा, तिथे सांगते.

सोलापूरकर, आमचंही कारण नवऱ्याकडचंच होतं. त्याला कुणी तपासलंच नाही, माझ्या उपचाराच्या दोन सायकल झाल्या. दुसऱ्या वेळी पोट इतकं फुगलं की चप्पल घालायला वाकता येईना. नंतर यूरोलॉजिस्टनं शिरा फुगलेल्या दाखवल्या. म्हणून सांगते, पत्रातलं शेवटचं वाक्य बदला. "तू नको म्हणालीस तर थांबू" म्हणजे निर्णयाचं ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर. त्याऐवजी तुमच्या तपासणीची तारीख लिहा.

एक मात्र लॅबवाली ताईंना विचारते. शिरांचं ऑपरेशन झालं तरी फरक दिसायला तीन ते सहा महिने जातात. ती ३३ ची आहे. इतकं थांबावं का?

लॅबवाली
ते तिचा एएमएच, म्हणजे बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी, बघून डॉक्टरांनी ठरवायचं. तो चांगला असेल तर मी थांबेन. कमी असेल तर मलाही सांगता येणार नाही.

सोलापूरकर
शेवटचं वाक्य खोडलं. "बुधवारी साडेपाचला यूरोलॉजिस्ट, मी नंबर लावलाय" असं लिहून रात्री डब्याच्या पिशवीत ठेवलं. सकाळी ती म्हणाली, बुधवारी मी पण येते. आईला सांगताना मात्र मी खोलीत थांबणार नाही, ते तुम्हीच बघा.

आईला अजून सांगितलेलं नाही. कुणी स्वतःच्या आईला हे सांगितलं असेल तर सुरुवात कशी केली, ते लिहा. एएमएचचा कागद फाईलमध्ये दिसला नाही, तोही बुधवारी विचारतो.