मदत हवी आहे: कॅश फ्लो जुळतो, पण धनकोंमधले ६०,००० कुठे दाखवायचे?

एका छोट्या प्रायव्हेट कंपनीच्या मार्च २०२३ आणि मार्च २०२४ च्या ताळेबंदांचे मोबाइलवर काढलेले फोटो आहेत, सोबत स्थिर मालमत्तेचं परिशिष्ट. अप्रत्यक्ष पद्धतीने, एएस ३ प्रमाणे कॅश फ्लो करायचा आहे. मूळ कागद मिळणार नाहीत. फोटोत ३ आणि ८ सारखेच दिसत होते, म्हणून प्रत्येक गटाची बेरीज छापील बेरजेशी ताडून पाहिली. एक आकडा असाच सापडला.

राखीव निधी ४,२०,००० ने वाढला. लाभांश नाही, म्हणून तोच नफा धरला. त्यात घसारा २,००,००० आणि व्याज ७०,००० मिळवले. ऋणको १,५०,००० आणि साठा १,२०,००० ने वाढला, ते वजा. धनको ९०,००० ने वाढले, ते अधिक. कामकाजातून ५,१०,००० आले. निव्वळ मालमत्ता ३,५०,००० ने वाढली, त्यात घसारा मिळवून खरेदी ५,५०,००० (विक्री काही नाही). नवं कर्ज १,६०,०००, त्यातून व्याज वजा जाता वित्तपुरवठा ९०,०००. निव्वळ वाढ ५०,०००. रोख व बँक शिल्लकही तेवढीच वाढली आहे. करतरतूद दोन्ही वर्षी सारखीच.

पण मार्च २०२४ च्या धनकोंमध्ये ६०,००० यंत्र पुरवठादाराचे आहेत, यंत्र याच वर्षीचं. ते काढले तर कामकाज ४,५०,००० आणि गुंतवणूक उणे ४,९०,००० होते. एकूण तेच राहतं, म्हणून चूक बेरजेत दिसणारच नाही.

असं वळवणं बरोबर आहे ना? आणि पुढच्या वर्षी हे ६०,००० चुकते केले की ते गुंतवणुकीतच दाखवायचे का?