प्रतिध्वनीचं दुसरं टोक उलटं असतं

"सेप्स्ट्रममध्ये ४०० व्या नमुन्यावरचं टोक शून्य केलं, तरी प्रतिध्वनी थोडा ऐकू येतोच."

येणारच, कारण टोक एकच नसतं. सेप्स्ट्रम म्हणजे स्पेक्ट्रमच्या लॉगचं उलट फूरिये रूपांतर. लॉग घेतल्यावर मूळ आवाज आणि प्रतिध्वनी यांचा गुणाकार बेरजेत सुटतो, पण प्रतिध्वनीच्या वाट्याला log(1 + a·z⁻⁴⁰⁰) येतं; a म्हणजे मूळ आवाजाच्या तुलनेत प्रतिध्वनी किती मोठा ते. त्याची मालिका मांडली की ४०० वर a, ८०० वर −a²/2, १२०० वर a³/3 अशी टोकं मिळतात. a = ०.५ धरला तर ०.५, −०.१२५ आणि ०.०४२. (रिअल सेप्स्ट्रममध्ये यांच्या निम्मी दिसतात.) हे उलटं दुसरं टोक फार कामाचं आहे. एका सभागृहातल्या भाषणाच्या ध्वनिमुद्रणात मी वक्त्याच्या स्वराच्या आवर्तनालाच प्रतिध्वनी समजून बसलो होतो, तिथे मात्र दुसरं टोकही सरळच होतं!

शिवाय तुकडा १०२४ नमुन्यांचा घेतला असेल तर ४०० चा उशीर त्यात नीट मावत नाही, शेवटच्या ४०० नमुन्यांचा प्रतिध्वनी बाहेरच राहतो. मी ८१९२ घेतो, आणि टोकं खोडत बसत नाही, कारण त्या जागी मूळ आवाजाचाही अंश असतो. सेप्स्ट्रमवरून फक्त उशीर आणि a काढायचा, मग साधा उलट फिल्टर:

```
y[n] = x[n] - 0.5*y[n-400]
```

a एकपेक्षा लहान असेल तरच हा स्थिर राहतो. फेज उलगडायची कटकटही वाचते.