समोरच्या टायरात टाकलेली बॅलन्सिंग पावडर खरंच काम करते का? (दहा चाकी, सावदा–दिल्ली)

केळीगाडी_सावदा
रामराम मंडळी. माझी दहा चाकी गाडी आहे, टायर २९५/८० आर २२.५ ट्यूबलेस. सावद्याहून केळी भरून बऱ्हाणपूर–इंदूरमार्गे दिल्ली, परतीला मिळेल तो माल. दोन महिन्यांपूर्वी समोर दोन नवे टायर टाकले आणि तेव्हापासून ५५ ते ६५ च्या मध्ये स्टिअरिंग थरथरायला लागलं. केबिनमधला पाण्याचा जग नाचतो. केळी भरलेली असली की जास्त चिंता, कारण मंडईत वरच्या थराला डाग दिसला की व्यापारी लगेच भाव पाडतो.

हायवेवरच्या एका टायरवाल्याने बॅलन्सिंगची पावडर सुचवली. पांढरे बारीक दाणे, मोहरीपेक्षा लहान, एका टायरला ३०० ग्रॅमचं पाकीट. त्याने दोन्ही टायर उतरवले, कड सोडवून आत पाकीट रिकामं केलं, परत हवा भरली. खरं सांगतो, थरथर जवळजवळ गेली. मी खूश.

मग मागच्या महिन्यात सेंधव्याजवळ डावा टायर पंक्चर. तिथल्या पोराने टायर उघडला तर पावडरीचे ओले गोळे. त्याने सगळं पुसून फेकलं, पंक्चर काढून टायर बसवला. आता थरथर पुन्हा चालू, पहिल्यापेक्षा जास्तच. टायरवाला म्हणतो, बघा, पावडर काढली म्हणूनच, आता दहाही टायरात टाका. दहा पाकिटांचा खर्च बराच होतो. टाकू का? कोणाचा अनुभव?

रातराणी_जळगाव
भाऊ, टाका बिनधास्त. माझ्या दोन ट्रॅव्हल्स जळगाव–पुणे चालतात, समोरच्या टायरात तीन वर्षांपासून दाणे आहेत. चाक फिरलं की दाणे हलक्या बाजूला जाऊन बसतात, शिसं ठोकायची गरजच नाही. माती चिकटली, टायर झिजला तरी ते आपोआप जागा बदलतात. एक लक्षात ठेवा, बॅलन्सिंग मशीनवर चाक लावून तपासू नका, तिथे उलटंसुलटंच दाखवतं. ते धावत्या गाडीतच काम करतं. यूट्यूबवर बघा, बाटलीत दाणे टाकून ड्रिलला लावतात, बाटली कशी शांत फिरते ते.

शेंदुर्णीचा_पाटील
आमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात तर आम्ही पाऊण टायर पाणी भरतो. नांगरताना घसरत नाही. गाडीला पाणी भरून चालेल का? पावडरपेक्षा स्वस्त.

केळीगाडी_सावदा
पाटील, ते वजनासाठी असतं हो. माझ्याकडे वजन भरपूर आहे, केळी आहेत.

टायरआबा_धुळे
मी बस डेपोच्या टायर सेक्शनला तीस वर्षं काढली, आता घरी आहे. केळीगाडी भाऊ, दहा पाकिटं घ्यायच्या आधी एक गोष्ट बघा. तुमच्या सांगण्यातच उत्तर आहे असं मला वाटतं. पावडर टाकताना टायरवाल्याने काय केलं? कड सोडवली आणि टायर परत बसवला. पंक्चरवाल्यानेही तेच केलं. दोन्ही वेळा पावडर बदललीच, पण टायरची रिमवरची बैठकही बदलली. थरथर कशामुळे गेली आणि कशामुळे आली, हे नुसत्या पावडरवरून ठरत नाही.

आता रातराणीने सांगितलं ते अर्धं खरं आहे. दाणे हलक्या बाजूला जातात, पण कधी? चाक स्प्रिंगांवर लटकलेलं असतं. त्याची स्वतःची एक उसळी असते, धुरा टायरवर सेकंदाला साधारण दहा वेळा वरखाली होऊ पाहतो. चाकाचे फेरे त्याहून जास्त झाले तरच फिरण्याचा मध्य जड बाजूकडे सरकतो आणि मोकळे दाणे पलीकडे, हलक्या बाजूला जातात. फेरे कमी असतील तर जड बाजूच बाहेर फेकली जाते आणि दाणेही तिच्यामागे जातात. म्हणजे बिघाडात भर.

तुमचा टायर भाराने दबलेला असताना एका फेऱ्यात सव्वातीन मीटरच्या आतच अंतर कापतो. ६० ला चाक सेकंदाला पाचच्या वर थोडे फेरे मारतं, ८० ला सात. दहा फेरे व्हायला गाडी ११५ ने पळवावी लागेल, आणि तुमचा गव्हर्नर ८० ला थांबवतो. ड्रिलवरची बाटली हलकी, सैल धरलेली आणि सेकंदाला कितीतरी जास्त फेरे घेणारी. तिथे दाणे चालणारच. ते व्हिडिओ खोटे नसतात, पण ती बाटली म्हणजे तुमचा धुरा नव्हे.

रातराणी_जळगाव
आबा, मग माझ्या बसला फरक का पडला? माझी बस काही ११५ ने पळत नाही. आणि ड्रायव्हर मूर्ख नाही.

टायरआबा_धुळे
ड्रायव्हरला मी मूर्ख म्हणत नाही. उसळी फक्त वरखालीच असते असं नाही, स्टिअरिंगच्या बाजूने डावी-उजवी हलण्याचा वेग वेगळा आणि कमी असू शकतो. तिथे दाण्यांनी थोडं काम केलं असेल, मी नाही म्हणणार नाही. दाणे टाकले तेव्हा अलाइनमेंटही केलं होतं का?

रातराणी_जळगाव
केलं होतं. त्याच दिवशी. बरं, समजलं तुमचा रोख.

शिरपूरना_भाऊ
मनी गाडीले बी असंच व्हयनं व्हतं. मन्हा तं किंगपिनच गयेल व्हता, पावडरना पैसा गया पान्यात. पहिले जॅक लावीसन चाक हालाडी देखा.

केळीगाडी_सावदा
किंगपिन आणि बेअरिंग मागच्या महिन्यात बघितले, ठीक आहेत. आबा, मग मी नेमकं काय बघू?

टायरआबा_धुळे
मशीनची गरज नाही. गाडी सपाट जागेवर उभी करा, मागच्या चाकांना ओट लावा, समोरचा धुरा जॅकवर घ्या आणि खाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर नको. टायरच्या नक्षीच्या मधल्या पट्ट्यासमोर एक टोकदार लोखंडी सळई विटांत घट्ट रोवा, टोक आणि टायर यांत थोडी फट ठेवा. चाक हाताने हळू फिरवा. जिथे फट सगळ्यात कमी, तिथे खडूने खूण करा. जिथे जास्त, तिथे दुसरी. दोन्ही फटी मोजा. फरक म्हणजे टायर किती गोल आहे ते. अडीच मिलिमीटरच्या वर गेला तर थरथर तिथूनच आली असं धरा. मग हीच सळई रिमच्या ओठाला लावून रिम मोजा, म्हणजे दोष टायरचा की रिमचा ते कळेल.

आणि सगळ्यात आधी एक सोपी गोष्ट. टायरच्या बाजूवर, रिमच्या ओठाला लागून एक बारीक उठावाची रेघ गोल फिरलेली असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका बाजूला जवळ आणि समोरच्या बाजूला लांब असेल तर टायर रिमवर वाकडा बसलाय. पावडरच काय, शिसंही तो दोष काढत नाही.

हा हिशोब बघा. समोरच्या एका टायरवर तुमची भरलेली गाडी साधारण तीन टन टाकते आणि टायर तेवढ्याने तीन सेंटीमीटर दबतो. म्हणजे एक मिलिमीटरला शंभर किलो. टायर तीन मिलिमीटरने उंचसखल असेल तर प्रत्येक फेऱ्यात तीनशे किलोचा चढउतार. धुरा थोडा वर सरकून त्यातला काही भाग गिळतो, पण उरतो तोही भरपूर. आणि २०० ग्रॅमची जड बाजू रिमपाशी असेल तर ६० ला ती किती ओढते? सहा किलो. ८० ला अकरा. माझ्या अनुभवात नव्या ट्रकच्या टायरची थरथर बॅलन्सपेक्षा बैठकीने आणि गोलाईने जास्त होते, ती यामुळेच.

केळीगाडी_सावदा
आबा, आज सुट्टी होती, केलं. डाव्या टायरची रेघ एका बाजूला ५ मिलिमीटर, समोर ११. सळईने फरक ३.५ निघाला, रिमचा मात्र १ च्या आत. उजवा टायर दीडवर, रेघ सारखी.

टायरआबा_धुळे
झालं तर. हवा पूर्ण काढा, पिनसुद्धा. दोन्ही कडा सोडवा, रिमची गंज ब्रशने घासा, कडेला टायरचं साबण लावा. ग्रीस किंवा डिझेल लावू नका, रबर खातं. रिमवर टायर अर्धा फेरा फिरवा आणि पिंजऱ्यात ठेवून हवा भरा. रेघ सारखी झाली नाही तर हवा काढून परत करा, जास्त हवा दाबून ती बसवायचा प्रयत्न करू नका. त्यात माणसं मेली आहेत.

आणि हो, गोळे का झाले ते. पंपाच्या टाकीतलं पाणी हवेबरोबर टायरात जातं. पावडरीला तेवढं पुरतं. तीनशे ग्रॅम एका जागी गोळा झालं आणि टायरच्या आतल्या भिंतीला चिकटलं की ६० ला सोळा किलोचा ओढ. उजव्या टायरात अजून पावडर आहे ना? तोही उघडून बघा. वॉल्वच्या पिनेत दाणा अडकला तर हवाही हळूहळू गळते.

केळीगाडी_सावदा
चार दिवसांनी लिहितोय, इंदूरपर्यंत जाऊन आलो. पहिल्यांदा रेघ ७ आणि ९ आली, परत उघडलं, मग सगळीकडे ८ झाली. सळईने फरक दीड. पावडर एक चिमूट नाही. ६० ची थरथर गेली. ७५ च्या पुढे बारीक कंप अजून आहे, जग नाचत नाही पण पाण्यावर वलयं दिसतात.

उजवा उघडला तेव्हा पावडर कोरडी होती, पण वॉल्वला दाणे चिकटलेले. ती काढायची की ठेवायची, कळत नाही. टायरवाल्याला रेघ दाखवली तर म्हणतो, रेघबिघ काही नसतं.

रातराणी_जळगाव
७५ ला पावडर टाकून बघा डाव्यात. एकच पाकीट. फरक पडला तर इथे लिहा, नाही पडला तरी लिहा. मी पण या रविवारी माझ्या बसचे दाणे काढून एक फेरी मारणार आहे, अलाइनमेंटला हात न लावता.

टायरआबा_धुळे
हे बरोबर. पण भाऊ, त्याआधी डाव्या-उजव्या चाकांची अदलाबदल करा आणि कंप बाजू बदलतो का बघा. फुकट काम आहे.

शेंदुर्णीचा_पाटील
म्हणजे पाणी नाहीच ना?